दोघांचं मत, पाचांचा निकाल

निकाल गुरुवारी दिल्लीत लागला आणि दिवस मावळायच्या आत खडकवाडीत गुलाल उडाला. निकाल वाचला होता कुणी? कुणीच नाही. चारशेच्या वर पानं आणि तीही इंग्रजीत. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर 'गायरानावर ग्रामसभेचा हक्क, तीन विरुद्ध दोन' एवढं सरकलं, आणि तेवढ्यावर गावानं हलगी बाहेर काढली.

वर्षाराणीनं मात्र तो वाचायला घेतला. ती माजलगावच्या कोर्टात वकिली करायची. खडकवाडीचीच, मेंढरं राखणाऱ्या घरातली. गावाच्या गायरानाचा दावा तिच्या सिनियरकडे, बंकटराव वकिलांकडे होता. जिल्हा प्रशासनानं ते गायरान ग्रामसभेला न विचारता एका सौरऊर्जा कंपनीला देऊन टाकलं होतं. तलाठ्यानं जमीन कंपनीच्या ताब्यात दिल्याची ताबापावती केली, कंपनीनं रस्त्याच्या कडेला काही खांब रोवले आणि गाव कोर्टात गेलं. कोर्ट म्हणालं, हाच प्रश्न दिल्लीत पाच न्यायमूर्तींसमोर आहे, तो निकाल येऊ द्या. तो आता आला होता. गायरान राहणार की जाणार, एवढंच त्यात बघायचं होतं. मेंढरांना दुसरीकडे चरायला जागा राहिली नव्हती. सगळीकडे ऊस.

शनिवारी कोर्टाला सुट्टी. बाररूमची किल्ली तिनं शिपायाकडून आणली. आत कुणी नव्हतं. भिंतीवर वारलेल्या वकिलांचे फोटो, टेबलावर कुणाचा तरी विसरलेला डबा, आणि ती. फोनवर वाचून डोळे दुखले म्हणून तिनं पानं छापून आणली होती.

अशा निकालाची एक खोड असते. तो एक निकाल नसतोच. पाचजण बसतात, ज्याला लिहायचं तो लिहितो, आणि सगळी लिखाणं एकावर एक ठेवून वर एकच नंबर टाकतात. बाहेरचा माणूस पहिलं पान उघडतो, तिथं सुरू होतं ते मत वाचतो आणि समजतो, हाच निकाल. वकीलही तसंच समजतात. चारशे पानं लिहिणाऱ्यांना शेवटी एका पानात 'आम्ही हे ठरवलं' असं लिहायला काय धाड भरते, हे त्यांनाच ठाऊक. या निकालाच्या शेवटच्या पानावर पाचही सह्या होत्या आणि वर एवढंच, की बहुमताने दिलेल्या मतांनुसार प्रश्नांची उत्तरं देण्यात येत आहेत. कुठलं बहुमत, कुठली उत्तरं, ते ज्याचं त्यानं शोधावं.

तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पाच उभे रकाने आखले, एकेका न्यायमूर्तीला एक. आडवे दोन. पहिला प्रश्न: ग्रामसभेच्या संमतीशिवाय गायरान दुसऱ्याला देता येतं का? दुसरा प्रश्न: आधीच देऊन टाकलेल्या गायरानांचं काय?

पहिलं मत सगळ्यांत लांब. पहिल्या न्यायमूर्तींनी स्वतःसाठी आणि दुसऱ्यांसाठी लिहिलेलं. भाषा अशी की वाचताना छाती भरून यावी. संमती हवीच. संमतीशिवाय दिलेली जुनी गायरानंही मुळापासून रद्द, जमीन गावाला परत. हाच पॅरा गुरुवारपासून प्रत्येक फोनवर फिरत होता. तिनं दोन रकाने भरले. दोन म्हणजे तीन नव्हेत.

तिसऱ्या न्यायमूर्तींनी वेगळं लिहिलं होतं. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं होतं, निष्कर्षाशी सहमत आहे, पण कारणं माझी वेगळी, आणि जुन्या वाटपांबद्दल मी सहमत नाही. सहमत हा शब्द वाचला की लोक पुढचं सोडून देतात. वर्षाराणीनं सोडलं नाही. पुढं लिहिलं होतं, संमती हवी. मात्र आजच्या तारखेपर्यंत ज्या जमिनीचा प्रत्यक्ष ताबा गावाकडून गेलेला आहे, ते वाटप मोडू नये, गावाला दुसरी चराई द्यावी. जिथं ताबा अजून गावाकडंच आहे, कागद काहीही म्हणो, तिथलं वाटप रद्द.

तिनं रकान्यात लिहिलं, 'ताबा', आणि त्याखाली रेघ मारली.

आता उरले दोघं, विरोधी मताचे. बंकटराव नेहमी सांगत, "हरलेल्याचं मत वाचायचं नसतं. तमाशा संपल्यावर तंबू मोजायचा का?" अख्खी बाररूम हेच मानायची. तिनं तरी वाचलं. चौथे न्यायमूर्ती म्हणत होते, संमतीची गरजच नाही, म्हणून जुनी वाटपं सगळी शाबूत. पाचव्यांचं मत सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत छोटं. पहिल्या प्रश्नावर मी चौथ्या न्यायमूर्तींबरोबर. पण माझं ते मत अल्पमतात आहे हे धरून चाललो, तर दुसऱ्या प्रश्नावर मी तिसऱ्या न्यायमूर्तींनी सुचवलेल्या मार्गाशी सहमत आहे.

तिनं पेन खाली ठेवलं.

प्रत्येक प्रश्न वेगळा मोजायचा असतो. पहिल्यावर तिघं विरुद्ध दोघं, संमती हवी, टीव्हीनं खोटं सांगितलं नव्हतं. पण खडकवाडीचं वाटप जुनं. तिचं गाव दुसऱ्या प्रश्नात होतं. ताबा गेलेला असेल तर वाटप टिकतं, असं म्हणणारे तिसरे, चौथे, पाचवे. झाले तीन. ताबा गावाकडंच असेल तर वाटप पडतं, असं म्हणणारे पहिले, दुसरे, तिसरे आणि पाचवे. झाले चार. म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजलं तरी उत्तर तेच, जे एकट्या तिसऱ्या न्यायमूर्तींनी लिहिलं होतं. ज्या पॅऱ्यावर गाव नाचत होतं, तो दोघांचा होता. त्याला निकाल म्हणता येत नव्हतं.

खिडकीतून कोर्टाचं आवार दिसत होतं, रिकामं. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तिनं बंकटरावांना फोन लावला. तिकडून हलगी ऐकू आली.

"सर, कुठंय?"

"तुझ्याच गावात. सत्कार हाय उद्या, तयारी बघाया आलोय. तू कावून आली न्हाईस?"

"सर, निकाल वाचला मी. आपल्याला जुनं वाटप आपोआप रद्द होऊन मिळत नाही. ताब्यावर आहे सगळं."

"पॅरा वाचलास न्हवं? जमीन गावाला परत."

"तो दोघांचा आहे, सर. तिसरे वेगळे गेलेत, आणि विरोधातले पाचवे त्यांना जाऊन मिळालेत."

पलीकडं त्यांनी कुणाला तरी हार मोजायला सांगितले. मग ते म्हणाले, "विरोधातलं मत कोण धरतं? ये उद्या. हार घाल अन् गप बस."

रविवारी सकाळी ती तेलगावपर्यंत एसटीनं आणि पुढं काळीपिवळीनं गेली. फाट्यावरच फ्लेक्स लागला होता. सरपंच धोंडीराम, बंकटराव, दोघांचे हात जोडलेले फोटो, आणि वर ठळक अक्षरांत: 'अखेर ताबा मिळवला!'

ती तिथंच थांबली. गायरान कंपनीच्या ताब्यात कधी गेलंच नव्हतं. रस्त्याकडंचे चार खांब सोडले तर कंपनीचा माणूस आत पाऊल टाकत नव्हता. गावातली मेंढरं दिवाळीनंतर खाली उसाच्या पट्ट्यात, तोडलेल्या फडांवर खतासाठी बसायला गेली होती, दरवर्षी जातात तशी. पण चालू न शकणारी कोकरं, लंगड्या मेंढ्या, व्यायला झालेल्या, एवढं सगळं गायरानाच्या उतारावर, डगरीजवळच्या काटेरी कुंपणाच्या मेंढवाड्यावर राहिलं होतं, आणि त्यांच्यापाशी तिची चुलती भिवराबाई. हा गावाचा ताबा होता. आणि गावानं आठ फुटी फ्लेक्सवर स्वतःच्या हातानं लिहून दिलं होतं, की तो काल-परवापर्यंत आपल्याकडं नव्हता.

मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली होती. तिचा थोरला भाऊ अजिनाथ, मेंढरं सोडून सत्कारासाठी मुद्दाम आलेला, पुढंच बसला होता. ठरावाचा मसुदा ग्रामसेवक वाचत होता: 'कंपनीच्या ताब्यातील गायरानाचा ताबा ग्रामस्थ आज रोजी परत घेत आहेत.'

"तात्या, हा ठराव करू नका," वर्षाराणी सरपंचाला म्हणाली. "तो फ्लेक्स पण काढा."

धोंडीराम हसला. "या, वकीलीणबाई. का काढायचा? तुमचा फोटू न्हाई म्हणून?"

माणसं हसली.

"निकालात लिहिलंय, ताबा ज्याच्याकडं होता त्याची जमीन. आपण म्हणतोय आज परत घेतला. म्हणजे काल कंपनीकडं होता, हे आपणच कबूल केलं. हे उद्या कोर्टात आपल्यावरच येईल."

"निकालात गाव जिंकलंय," धोंडीराम म्हणाला. "साऱ्या देशानं बघितलं. पाच जज येडे अन् तू एकटी शहाणी?"

"पाच जज काय म्हणाले तेच सांगतेय. गाव एका प्रश्नावर जिंकलंय. आपला प्रश्न दुसरा आहे."

"एक दावा, त्यात प्रश्न किती असत्यात बे?" मागून कुणीतरी दुसऱ्याला विचारलं. दुसरा म्हणाला, "कंपनी जितकं देती तितके." पुन्हा हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं.

अजिनाथ उठला. "वर्षे, घरी चल."

"दादा, तू तरी ऐक."

"काय ऐकू? आपली जमीन परत घेतो म्हणायची पण चोरी का? लोक माझ्या तोंडावर इचारत्यात, बहीण कुणाकडून हाय." तो आवाज न चढवता बोलत होता, म्हणून जास्त लागलं.

बंकटराव पाराच्या कडेला खुर्चीवर होते. गळ्यात हार. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. शनिवारच्या फोननंतर त्यांनी निकाल उघडला होता, हे तिला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं, कारण ते डोळे तिच्याकडं वळेनात. हार काढायला त्यांना फार वेळ लागला नसता. त्यांनी तो नीट केला.

ठराव एकमतानं झाला. सह्या झाल्या. मग हलगीच्या मागं अख्खं गाव रस्त्यावरचे खांब उपटायला गेलं, आणि ज्यानं त्यानं त्याचे व्हिडिओ काढून जगाला पाठवले. जिंकल्यावर माणसाचं डोकं कुठं जातं, मला कळलेलं नाही. हरल्यावर तरी ते जागेवर असतं.

वर्षाराणी उलट्या दिशेनं डगरीकडं चालत गेली. भिवराबाई काट्याच्या कुंपणाच्या आत एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. गुडघे गेलेले, म्हणून मेंढरांबरोबर चालायला तिला नेत नव्हते. नवरा वारला, मूल नाही. सणाला कुणी भाकरी पाठवली तर पाठवली. मिरवणुकीचा आवाज इथवर येत होता, पण तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"काकी, तू इथं कधीपासून आहेस?"

"दिवाळीपासून. का गं? हलीव म्हणत्यात का?"

"न्हाई. हलू नको. मी कागद लिहून आणते, त्यावर अंगठा दे. पण खरं तेवढंच लिहायचं. इथं कोण येतं, कोण न्हाई."

"कुणीच येत न्हाई," भिवराबाई म्हणाली. "ते लिही."

दावा दाखल करताना वर्षाराणीनं वादींमध्ये ग्रामपंचायतीबरोबर भिवराबाईचंही नाव घातलं होतं, कारण वाडा तिचा. तेव्हा बंकटराव म्हणाले होते, म्हातारीचं नाव कशाला वाढवतेस, समन्स-नोटिसांची कटकट. मग राहू दिलं होतं. आता त्या एका नावापुरतं शपथपत्र तिनं केलं. दिवाळीपासून माझा मुक्काम वाड्यावर आहे, निकालाच्या दिवशीही होता, कंपनीचा कुणीही आत आला नाही. बरोबर वाड्याचा नकाशा आणि कोकरांचे फोटो.

तारखेला कोर्ट भरलेलं. खडकवाडीची माणसं मागच्या बाकांवर, कपाळाला अजून गुलाल. तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर सुनावणी होती, म्हणजे दावा चालेपर्यंत कंपनीनं जमिनीत पाऊल टाकू नये, असा हुकूम गावाला हवा होता.

बंकटरावांनी उभं राहून तोच पॅरा वाचला. आवाज चांगला होता. मागं कुणीतरी 'वा' म्हणालं, पट्टेवाल्यानं डोळे वटारले.

न्यायाधीश बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी आपली प्रत उलटली. "वकीलसाहेब, हा पॅरा किती न्यायमूर्तींचा आहे?"

"मुख्य निकालपत्र आहे, बाईसाहेब."

"मुख्य कुणी म्हटलंय? मी विचारलं, किती जणांचा?"

बंकटरावांनी हातातलं पान उलटलं. मग हळूच मागं वळले आणि वर्षाराणीकडं पाहिलं. पारावर त्यांनी पाहिलं नव्हतं, ते आता पाहिलं.

ती उभी राहिली. इथं दोन वाटा होत्या. 'दोन' म्हणायचं, म्हणजे मागं बसलेल्या आपल्या माणसांसमोर आपल्याच बाजूचा पॅरा मोडायचा. किंवा गप्प बसायचं आणि बाईंना ते समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकू द्यायचं.

"दोन, बाईसाहेब," ती म्हणाली. "संमतीच्या प्रश्नावर तिसऱ्या न्यायमूर्तींमुळे बहुमत होतं. जुन्या वाटपांवर मात्र तिसरे न्यायमूर्ती वेगळे आहेत, आणि पाचवे न्यायमूर्ती, विरोधी मतात असूनही, त्या प्रश्नावर त्यांना मिळतात. ताबा गेलेला असेल तर वाटप टिकेल, असं तिघांचं मत. ताबा गावाकडं असेल तर रद्द, असं चौघांचं. आपल्यावर बंधनकारक आहे ते एवढंच. पहिल्या मतातला हा पॅरा नाही."

मागच्या बाकावरून खुसफुस आली. "आपलीच पोर बे. आपलीच." तो आवाज अजिनाथच्या शेजाऱ्याचा होता. अजिनाथचा आवाज आला नाही.

कंपनीच्या वकिलांना सोपं झालं. त्यांनी फ्लेक्सचा फोटो दिला, ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल दिली. "ताबा आमच्याकडं होता, हे वादी स्वतःच म्हणतात. रविवारी परत घेतला म्हणतात. निकाल गुरुवारचा. गुरुवारी कुणाकडं होता, हे आम्ही वेगळं काय सांगावं?"

न्यायाधीश बाईंनी ठराव वाचला. दोनदा वाचला. धोंडीराम मागं उभा राहिला, त्याला बसवलं.

"ग्रामपंचायत ठरावाला बांधील आहे. भिवराबाई दुसऱ्या वादी आहेत," वर्षाराणी म्हणाली. "त्यांनी कुठल्याही ठरावावर अंगठा दिलेला नाही. त्यांना सभेला बोलावलंच नव्हतं. त्यांचं शपथपत्र बघावं."

बाईंनी ते बघितलं आणि कंपनीच्या वकिलांना विचारलं, "डगरीजवळच्या या वाड्याचं काय? तिथं तुमचा ताबा?"

"वाड्याला आम्ही हात लावलेला नाही, बाईसाहेब. म्हातारी बाई आहे, माणुसकी म्हणून."

"म्हणजे तिथं त्या आहेत."

वकिलांनी नकाशा पुन्हा पाहिला. चांगले वकील होते, पण माणुसकी दाखवायची हौस नडली. "आहेत," ते म्हणाले.

हुकूम दुपारी झाला. नकाशात दाखवलेल्या वाड्यापुरती आणि त्याच्या लगतच्या डगरीपुरती कंपनीला मनाई. बाकीच्या गायरानाबद्दल, ठरावातली कबुली पाहता, तूर्त मनाई देता येत नाही. ती कबुली शेवटची नाही, पुराव्यात खोडता येईल. दावा पुढं चालेल. म्हणजे वर्षं.

कोर्टाबाहेर लिंबाखाली गाव उभं होतं. धोंडीराम बंकटरावांशी बोलत होता आणि बंकटराव मान हलवत होते. ती जवळ आली तसं बोलणं थांबलं.

"म्हातारीची सोय झाली, गावाची गेली," धोंडीराम म्हणाला. "बरं वकीलपत्र घेतलंस, बाई."

ती म्हणू शकली असती, की गेलेला तुकडा ठरावानं घालवला. हुकुमात तसं लिहिलेलंच होतं. पण लिहिलेलं वाचायला ही माणसं गुरुवारपासून तयार नव्हती, आता कशाला होतील. तिनं अजिनाथकडं पाहिलं. तो चपलेनं माती सारखी करत होता.

"दादा, जीपमध्ये जागा आहे का?"

"भरलीय," तो म्हणाला. जीप मागं अर्धी रिकामी होती.

ती एसटीनं गेली. तेलगावहून पुढं गाडी मिळाली नाही, म्हणून चालत. फाट्यावरचा फ्लेक्स तसाच होता, एका कोपऱ्यानं सुटून फडफडत. रस्त्याच्या कडेला कंपनीची माणसं उपटलेले खांब परत रोवत होती आणि कुणी त्यांना अडवत नव्हतं. गाव ओलांडताना दारात बसलेल्या बायांनी तिच्याकडं बघून बोलणं आवरलं.

भिवराबाई वाड्यात होती. बाटलीवालं कोकरू आता स्वतःच्या पायांवर उभं होतं.

"झालं का गं? काय म्हणलं दिल्लीवाल्यांनी?"

वर्षाराणी काट्यांचं फाटक सारून आत आली, पिशवी खाली ठेवली. पिशवीत ती चारशे पानं होती, कडेला पेन्सिलीच्या खुणा, मधे दुमडलेलं कॅलेंडर. कुणीच ते बघायला मागितलं नव्हतं.

"जिथं आपण बसून होतो ते आपलं, असं म्हणलं. जिथून उठलो म्हणून आपणच सांगितलं, ते गेलं. भांडायचं राहिलंय अजून, पण आज गेलं."

भिवराबाईनं पिशवीतल्या कागदांकडं बघितलं. "एवढ्यासाठी एवढा कागद?"

"हां."

"मग म्या बसलीया की," भिवराबाई म्हणाली. "मला उठाया कुठं येतंय?"

तिनं दुधाची बाटली पुढं केली. दुसरं एक कोकरू, आंधळं, कुंपणाशी धडकत ओरडत होतं. वर्षाराणीनं काळा कोट काढून काट्यांवर टाकला आणि त्याला मांडीवर घेतलं. रस्त्याकडून पहारीचे घाव ऐकू येत होते.